नेलपॉलिशचा थेंब

पॉलिटेक्निकमधून डिप्लोमा घेऊन मी परत आलो तेव्हा आमच्या नाते गावापासून महाडपर्यंत माझ्याएवढा शहाणा कुणी नाही, अशी माझी पक्की समजूत होती. सरकारी खात्यात वायरलेस तंत्रज्ञ म्हणून नेमणूक झाल्यावर तर विचारायलाच नको.

आमचं काम साधं होतं. पोलादपूरला सावित्रीच्या पुलाच्या खांबावर एक लाल खूण होती. पाणी तिच्यावर गेलं की तिथल्या ऑपरेटरनं महाडच्या कार्यालयात कळवायचं, म्हणजे बाजारपेठेतल्या दुकानदारांना माल वर चढवायला वेळ मिळे. पोलादपूरचे ऑपरेटर काका साठीकडे झुकलेले, निवृत्तीला चार-पाच महिने राहिलेले. बोलणं कमी, कान तिखट. एएमच्या जुन्या संचावर त्यांनी हयात घालवली होती.

तो संच काढून एफएमचा नवा बसवायला मला पाठवलं. काका दोन दिवस शिकायला महाडला आले. पोलादपूरला शिपायाला बसवलं आणि त्याला दोन्ही संचांवरून एक ते दहा आकडे मोजायला सांगितलं. आमच्या शेजारी पिठाची गिरणी होती. तिची मोटर सुरू झाली की एएमवर तडतड उठायची आणि आकडे त्यात बुडायचे. एफएमवर तीच गिरणी, तीच मोटर, पण आवाज लख्ख.

मी आमच्या खात्याच्या साहेबांपुढे छाती काढून सांगितलं, "एएममध्ये बोलण्याप्रमाणे लहरीची उंची कमी-जास्त होते. ठिणगीचा आवाजही उंचीवरच येऊन बसतो, म्हणून तो वेगळा काढता येत नाही. एफएममध्ये उंची तशीच राहते, फक्त कंपनांचा वेग बदलतो. उंचीवर काही बसलं तर संच ते छाटून टाकतो." साहेब खूश. मग मी वर पुस्ती जोडली, की यासाठी हवेतली जागा, म्हणजे पट्टा, जास्त रुंद लागतो. एएमला सहा किलोहर्ट्झ पुरतात, आपल्या एफएमला सोळा.

काका मागून म्हणाले, "साहेब, दार मोठं केलं तर खरखर पण जास्त आत यायची नाय का?"

प्रश्न अगदी बरोबर होता. सिग्नल भक्कम असेल तोवर रुंद पट्ट्याचा फायदा असतो; तो एका पातळीच्या खाली गेला की तोच रुंद पट्टा एवढा गोंगाट आत घेतो, की एफएमचं बोलणं एकदम कोसळतं. एएम मात्र हळूहळू खराब होतं, सरावलेला कान तळातूनही शब्द उचलतो. हे सगळं मी परीक्षेत लिहून मार्क मिळवले होते. पण साहेबांपुढे एका जुन्या ऑपरेटरनं मला अडवावं, हे मला झोंबलं. "काका, ते पुस्तकातलं आहे, तुम्ही नका डोकं चालवू," असं मी म्हणालो. ते हसले. मी तेव्हा ते हसणं हार समजलो.

एफएमवर कुणी बोलत नसलं की धो धो खरखर येते. साहेबांना ती आवडली नाही. ती दाबायला स्क्वेल्चचा स्क्रू असतो: सिग्नल पुरेसा आला तरच संच तोंड उघडतो. मी तो गच्च आवळला, पार टोकापर्यंत. मग कुणी हात लावू नये म्हणून त्यावर लाल नेलपॉलिशचा थेंब टाकला. आमच्या धंद्यातली ती रीतच आहे. काका शेजारी उभे राहून बघत होते.

आणखी एक गोष्ट मी मोडली. काका दर अर्ध्या तासाला मायकचं बटण दाबून दोन क्षण गप्प राहत. इकडे एएमवर खरखर तेवढ्यापुरती बसायची आणि पोलादपूर जिवंत आहे हे समजायचं. मी ते बंद करायला लावलं, म्हटलं, बोलायचं असेल तेव्हाच बटण दाबा, बॅटरी फुकट जाते. "ते बोलणं नाय साहेब, नाडी बघणं हाय," काका म्हणाले. मी ऐकलं नाही.

श्रावणात तीन दिवस पाऊस थांबला नाही. चौथ्या दिवशी सकाळी मी कार्यालयातच होतो. वीज गेलेली, संच बॅटरीवर, गिरणी बंद. संच गप्प होता आणि मी चहा पीत होतो. गप्प म्हणजे ठीक, असं मीच सगळ्यांना शिकवलं होतं.

बाराच्या सुमारास पोलादपूरहून आलेला एसटीचा ड्रायव्हर दारात उभा राहिला. "अहो, पाणी कवाच खुणंवर गेलंय! तुमचा माणूस दहा वाजल्यापास्नं ओरडतोय त्या डब्यात. तुम्ही झोपलाव काय?"

मी थेंब फोडून स्क्रू सैल केला. धो धो खरखर, आणि तिच्यात तुटलेल्या तुकड्यांसारखा एक आवाज. एकही शब्द लागेना. मग कपाटातला जुना एएम संच काढला आणि अँटेनाची केबल त्याला जोडली. खरखर होती, पण तिच्या तळाशी काकांचा आवाज सलग होता: "महाड, महाड, पाणी खुणंवर दीड हात." माझं ऐकून जुना संच अडगळीत टाकायचा सोडून त्यांनी तो टेबलाखाली जपून ठेवला होता. उत्तर येईना तेव्हा केबल त्याला लावून ते बोलत राहिले होते.

बाजारपेठेत आम्ही धावत सुटलो. माणसं वाचली. गूळ, डाळ, कापड मात्र वर चढवायला वेळ उरला नव्हता.

दोन दिवसांनी पोलादपूरला जाऊन पाहिलं. अँटेनाच्या खांबावरच्या केबलच्या जोडात पाणी शिरलं होतं, म्हणून सिग्नल मंदावला होता. तो जोड मीच केला होता. तो सुकवला, पक्का केला. महाडला येऊन स्क्रू बेताचा सैल ठेवला आणि बांगड्यांच्या दुकानातून आणलेल्या नव्या बाटलीतला थेंब त्यावर टाकला. साहेब चौकशीला आले तेव्हा संच खणखणीत चालत होता. "संचात दोष आहे?" त्यांनी विचारलं. मी म्हणालो, "नाही साहेब." त्या क्षणी ते खरंच होतं. मेमो काकांना गेला: वेळेवर संदेश पाठवला नाही. सर्व्हिस बुकात तशी नोंदही झाली.

मेमोचं उत्तर द्यायला काका महाडला आले, तेव्हा कार्यालयात आम्ही दोघंच होतो. ते माझ्यासमोर बसले आणि शांतपणे म्हणाले, "साहेब, मी दहाला बोललो. मग माझं काय चुकलं ते समजावून सांगा. उत्तरात लिवायला पायजे."

आणि मी त्यांना समजावलं. कागदावर आकृती काढून रुंद पट्टा, अरुंद पट्टा, सिग्नल पातळीखाली गेला की एफएम कसं कोसळतं, सगळं सांगितलं. त्यांनी पहिल्या दिवशी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर मी महिन्याभरानं दिलं, तेही माझी कातडी वाचवायला. स्क्रूचं नाव घेतलं नाही. जोडाचंही नाही.

त्यांनी सगळं लक्ष देऊन ऐकलं. मग उठून संचाजवळ गेले, वाकले आणि स्क्रूवर बोट ठेवलं.

"पयला लाल होता," ते म्हणाले. "हा गुलाबी हाय."

मी मान खाली घातली. आत्ता बोल, असं मला आतून कुणीतरी ढकलत होतं. काकांनी थोडी वाट पाहिली, खरंच पाहिली. मी आकृतीच्या कागदाची घडी घालत बसलो. मग त्यांनी कोऱ्या कागदावर दोन ओळी लिहिल्या, सही केली, कागद माझ्या टेबलावर ठेवला आणि दुपारच्या एसटीनं पोलादपूरला गेले.

कागदावर लिहिलं होतं: "संदेश पोचला नाही हे खरे आहे. संचाबद्दल तंत्रज्ञ साहेबांना विचारावे."

मला कुणीच विचारलं नाही. मीही कधी सांगितलं नाही.