कडी लागलेली होती

वहिनींच्या शेळ्या कशा मेल्या हे घरात मला एकट्यालाच ठाऊक होतं. आज लिहितो आहे, कारण आता घरातल्या सगळ्यांना ते कळलं आहे. लपवण्यासारखं काही उरलं नाही.

दादा गेल्यावर वहिनींनी शेळ्या पाळल्या. घरामागं त्यांच्यासाठी वाडा बांधायचं काम माझ्याकडं आलं. शेंद्र्याच्या एमआयडीसीत कंपनीतली पाळी सांभाळून मी लोखंडी खांब रोवले, जाळी ताणली. बिबट्याची आवई आमच्याकडं अधूनमधून उठते, म्हणून वरून पत्रे टाकले आणि पत्रा आणि जाळीमधली फटसुद्धा तारेनं शिवून घेतली. पत्र्याचं दार केलं, त्याला जाड कडी. कोंबड्यांच्या खुराड्याला मुंगूस शिरणार नाही अशी बारीक जाळी मारली. काम देखणं झालं होतं.

फक्त खालचं राहिलं. वहिनी म्हणाल्या होत्या, "भाऊजी, जाळी हातभर खाली गाडा. कुत्री उकरत्यात."

मी पहार मारून पाहिली. खाली मुरूम. पहार टणकन् उडायची, हात झिणझिणायचे. मी म्हणालो, "कुत्र्यायला काय पहार दिलीय का तुम्ही?" त्या हसल्या. मग मी जाळीचा खालचा काठ आत दुमडला आणि वरून माती ओढली. गाडल्यासारखी दिसत होती. त्यांनी विचारलं तेव्हा मी गाडली म्हणून सांगितलं.

हमरस्त्याच्या ढाब्यामागं उष्टं टाकतात, तिथं मोकाट कुत्र्यांची टोळी असते. पुढं पावसानं माती भिजून सैल झाली आणि एका रात्री ती टोळी आमच्याकडं आली. पत्र्यावर पाऊस एवढा वाजत होता की घरात कुणाला काही ऐकू आलं नाही.

मी रात्रपाळी करून सकाळी परतलो. घरातली अजून उठायची होती. वाड्यातून एकाही शेळीचा आवाज येत नव्हता, म्हणून मागं गेलो. दाराची कडी लागलेली होती. ती मीच काढली आणि आत गेलो. शेळ्या जागोजाग पडल्या होत्या, मागच्या मांड्या आणि पोटं फाडलेली. बिबट्या नव्हताच. तो एकीचं नरडं धरून ओढत नेतो. अशी सगळ्यांची नासधूस कुत्र्यांची टोळी करते. कोपऱ्यात जाळीखाली उकरलेलं बीळ होतं, आणि माझा दुमडलेला काठ वर आला होता.

मी पायानं त्या बिळात माती लोटली. का लोटली, ते मला तेव्हाही कळत होतं.

मागून वहिनी आल्या. त्यांनी आधी उघडं दार पाहिलं, मग शेळ्या. त्यांनी मला विचारलं, "कडी माझ्याकडून राहिली का हो?"

मी गप्प राहिलो. नाही म्हणालो असतो तर बिळाकडं बोट दाखवावं लागलं असतं.

आईनं मग दिवसभर तोंड सोडलं. "एवढी कडी लावाया हात झिजत हुते का गं?" आपणच विसरलो, हे वहिनींनी मनाशी धरलं. पुन्हा शेळी घेतली नाही, दुसऱ्यांच्या कापसात वेचणीला जाऊ लागल्या. रात्री अंथरुणातून उठून घराची कडी चाचपायच्या, परत पडायच्या, परत उठायच्या. भिंतीपलीकडं मला तो कडीचा आवाज ऐकू यायचा. मी कूस बदलायचो.

अशी काही वर्षं गेली. यंदा बचत गटानं शेळ्या आणायचं ठरवलं. बाया अंगणात जमल्या, आईही ओट्यावर होती. वहिनींचं नाव निघालं तशी त्या म्हणाल्या, "मला नको बाई. माझ्या हातून कडी राहती." साधेपणानं म्हणाल्या, एखादं माणूस डावखुरं असतं ना, तसं.

मी पाळीला निघालो होतो. बूट घालता घालता थांबलो आणि सगळ्यांसमोर सांगून टाकलं. दुमडलेली जाळी, बीळ, पायानं लोटलेली माती. मान वर करायची हिंमत झाली नाही. आई चिडेल असं वाटलं होतं. ती पदर तोंडाला लावून आत गेली.

वहिनींनी शेळ्यांचं विचारलं नाही. मी खोटं बोललो त्याचंही नाही. स्वतःच्या हाताकडं बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "म्हंजी मी कडी लावली हुती."

"व्हय," मी म्हणालो.

पुढच्या सुट्टीपासून मी चर खणायला लागलो. त्याच मुरमात, त्याच पहारेनं. एवढ्याशा कामासाठी मी त्यांची इतकी वर्षं नासवली, हे प्रत्येक घावाला कळत होतं. वहिनी चराच्या कडेनं बसून कोपरापर्यंत हात आत घालून बघायच्या. कमी भरलं की नुसतं बोट दाखवायच्या. जाळी खाली सोडून तळाशी बाहेरच्या अंगाला वाकवली, तिच्यावर दगड रचून चर भरला.

आता वाड्यात शेळ्या आहेत. अंधार पडायच्या आत वहिनी त्या आत घेतात, मोजतात, दार ओढतात आणि मी घरी असलो की मला हाक मारतात. "भाऊजी, बघा. कडी लावली."

मी जातो. कडी बघतो आणि मोठ्यानं सांगतो की लागली आहे. त्याशिवाय त्या तिथून हलत नाहीत.