दुसरा आठवडा किंवा चौथा

बाबांच्या गळ्यावरची गाठ दाढी करताना त्यांनाच आधी दिसली होती. आम्हाला सांगितली पोळा झाल्यावर. तोवर ती शर्टाच्या कॉलरवरून डोकावायला लागली होती. नागपूरच्या सर्जनने सुईची तपासणी केली, रिपोर्ट पाहिला आणि म्हणाला, "यातून नक्की काही सांगता येत नाही. अर्धी थायरॉइड काढूनच कळेल. उद्याच करा असं म्हणत नाही, पण महिना ओलांडू नका. तुम्हाला सुट्टी कधी मिळते ते सांगा, त्याप्रमाणे ऑपरेशनचा दिवस ठरवू."

परतताना गाडीत बाबा खिडकीबाहेरची सोयाबीन पाहत होते. "तू कायले घाबरून राह्यली?" ते म्हणाले. "सोयाबीन निघू दे, मंग पाह्यतो." त्यांचा आवाज तेव्हाच थोडा घोगरा झाला होता.

मी तेव्हा फुलसावंगीच्या आमच्या बँकेच्या शाखेत कॅश ऑफिसर होते. पुसदहून रोज ये-जा करायची. शाखा लहान: मॅनेजर साहेब, मी, दोन क्लार्क आणि शिपाई. तिजोरीला दोन चाव्या, एक साहेबांकडे, एक माझ्याकडे. दोन्ही लागल्याशिवाय तिजोरी उघडत नाही. त्यामुळे मी सुट्टीवर गेले की माझी चावी सांभाळायला दुसऱ्या शाखेतून माणूस मागवावा लागे, आणि साहेब आणि मी एकाच वेळी गैरहजर राहणं जवळपास अशक्यच.

सुट्टीच्या पोर्टलवर एकच तारीख भरता येते. म्हणून मी आधी साहेबांना मेल लिहिला. वडिलांचं ऑपरेशन आहे, दिवस अजून ठरलेला नाही, त्यामुळे दोन पर्याय देते: पुढच्या महिन्याचा दुसरा आठवडा, सोमवार ते शनिवार, किंवा चौथा आठवडा, सोमवार ते शनिवार. दोन्ही चालतील, पहिला पर्याय मिळाला तर जास्त बरं. शुक्रवारपर्यंत कळवलंत तर दवाखान्याला दिवस सांगून पोर्टलवर अर्ज टाकते.

साहेब नागपूरचे. कुटुंब तिकडं, ते पुसदला खोली घेऊन एकटे राहत. पन्नाशीचा, मोठ्या आवाजाचा माणूस. मेल वाचून त्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं आणि बराच वेळ स्क्रीनकडेच पाहत राहिले.

"दोन्ही आठवडे मोकळे ठेवा," ते म्हणाले. "सांगतो."

"साहेब, शुक्रवारपर्यंत..."

"सांगतो म्हटलं ना."

एरवी ते कधी असं बोलत नसत. बाहेर येऊन मी काउंटरवर बसले, पण लक्ष केबिनकडेच. आणि मग ज्याकडे आम्ही सगळेच पाहून न पाहिल्यासारखं करत होतो, ते मला नीट दिसायला लागलं. साहेबांचा डबा रोज तसाच परत जात होता. पॅंट कमरेवर सुरकुत्या पाडून पट्ट्याने आवळलेली. डोळ्यांचं पांढरं पिवळसर. केबिनचं दार, जे कायम उघडं असायचं, ते आता फोन आला की बंद होई. काचेतून पाठमोरे साहेब दिसत, एक हात टेबलावर टेकवून उभे.

शिपाई मला हळूच म्हणाला, "मॅडम, साहेबाची तब्येत बरी नाही वाटून राह्यली. मी इचारलं तं माह्यावरच खेकसले."

गुरुवारी सर्जनकडून फोन आला, दिवस ठरवायचा होता. मी म्हटलं, उद्या सांगते. घरी बाबांना भात गिळताना ठसका लागला. तो थांबेपर्यंत आई त्यांच्या पाठीवर हात ठेवून उभी होती.

शुक्रवारी दुपारी ग्राहकांची गर्दी ओसरल्यावर साहेबांनी बोलावलं. "चौथा आठवडा घ्या."

मी म्हणाले, "साहेब, दुसरा जमला असता तर..."

"दुसऱ्यात मी नाहीये." "मलाही नागपूरलाच जायचंय. तपासण्या आहेत. चार महिने झाले, डॉक्टर बोलावतोय. कधी ऑडिट, कधी कुणाचं लग्न, कधी कुणाची डिलिव्हरी. कुणी एकच तारीख घेऊन आलं की मी माझी पुढं ढकलायचो. तुम्हीही फक्त दुसरा आठवडा मागितला असता तर तुम्हाला देऊन टाकला असता, मॅडम. तुम्ही दोन दिले, म्हणून एक माझ्या वाट्याला आला."

मला राग आला होता, तो कुठं ठेवावा ते कळेना. मी "बरं" म्हटलं, पोर्टलवर चौथा आठवडा भरला आणि साहेबांनी माझ्यासमोर मंजूर केला. सर्जन फोनवर म्हणाला, चालेल. बाबा तर खूशच झाले. तोवर सोयाबीन घरात येणार होती.

दुसऱ्या आठवड्यात साहेबांच्या जागी पुसद शाखेतले एक अधिकारी आले. साहेबांचा फोन बंद होता. त्यांनी एकही दिवस शाखेत फोन केला नाही, आणि हीच गोष्ट आम्हाला सगळ्यात जास्त खटकत होती. शनिवारी कळलं, त्यांनी सुट्टी वाढवली. का, ते कुणी सांगितलं नाही.

साहेब नाहीत म्हणजे माझी सुट्टी रद्द, हे मी धरूनच चालले. बाबांची गाठ आता बोलताना हलताना दिसायची. बदलीवरच्या अधिकाऱ्यांना मी घाबरतच विचारलं. ते म्हणाले, "तुमची सुट्टी आहे तशी आहे. साहेब जाण्याआधी क्षेत्रीय कार्यालयाला लिहून गेलेत, माझ्या परतण्याची खात्री धरू नका, मॅडमच्या चावीसाठी वेगळा माणूस द्या. माणूस ठरलाय."

ते जातानाच जाणून होते तर.

चौथ्या आठवड्यात बाबांचं ऑपरेशन झालं. गाठ डबीत घालून तपासणीला गेली आणि आम्ही वाट पाहत बसलो. त्याच दवाखान्याच्या कॅंटीनमध्ये साहेबांच्या पत्नी भेटल्या. मी त्यांना एकदाच, शाखेतल्या पूजेला पाहिलं होतं. त्या म्हणाल्या, "वरच्या मजल्यावर आहेत. या ना, त्यांना बरं वाटेल." जिन्यात त्यांनी सांगितलं, स्वादुपिंडाचा कॅन्सर आहे, लिव्हरपर्यंत गेलाय.

साहेब अंगाने निम्मे झाले होते. मला पाहून आधी बाबांची चौकशी केली. मी म्हटलं, रिपोर्ट यायचाय.

"चांगला येईल." मग म्हणाले, "माझ्यासाठी उशीरच झाला होता, मॅडम. तुमच्या आठवड्याने त्यात काही बदललं नाही. पण आजाराचं नाव तरी कळलं. माझा मुलगा बेंगळुरूहून आला, रोज जवळ बसतो. नाव कळलं नसतं तर तो दिवाळीलाच आला असता, तेही दोन दिवस."

त्यांच्या पत्नीने त्यांच्या ओठांना पाणी लावलं. खिडकीतून खाली रिक्षांची रांग दिसत होती आणि खोलीत सलाइनच्या थेंबाशिवाय काही हलत नव्हतं.

बाबांचा रिपोर्ट चांगला आला. आवाज थोडा बसका राहिला, तो अजून तसाच आहे. साहेब दिवाळीच्या आधी गेले. नागपूरला जायला शाखेतून आम्ही तिघे निघालो. बाबा आमच्या घराच्या पायरीवर चप्पल घालून तयार बसले होते, गळ्याला रुमाल बांधून. साहेबांच्या त्या आठवड्याची आणि मुलाची गोष्ट मी त्यांना सांगितली होती.

"तुम्ही कशाला, बाबा? टाके ओले आहेत अजून."

"मले येऊ दे," ते म्हणाले. "साहेबाच्या पोराले भेटाचं हाय."