नेट चालत नाही

माझा लॅपटॉप अधूनमधून रुसायचा. वायफाय जोडलेलं दिसायचं, पण नेट नाही. त्याच वायफायवर मोबाइल मात्र सुरळीत. मग मी बंगळुरूला मुलीला फोन लावायचे. लोकांचे बिघडलेले लॅपटॉप फोनवरून दुरुस्त करणं, हीच तिची नोकरी.

"आई, आज्ञा टाइप करायची ती काळी खिडकी उघड, अ‍ॅडमिनिस्ट्रेटरवाली. आयपीकॉन्फिग टाक. पत्ता काय दिसतोय?"

"एकशे एकोणसत्तर, दोनशे चौपन्न..."

"म्हणजे राउटरने पत्ता दिलाच नाही. लॅपटॉपने आपल्या मनाने एक ठोकून दिलाय."

मग ती एकेक आज्ञा सांगायची. आधीचा पत्ता सोडायला रिलीज, राउटरकडून नवा मागायला रिन्यू, साइट्सचे साठवून ठेवलेले पत्ते पुसायला फ्लश डीएनएस. एवढ्याने भागलं नाही तर नेटवर्कची सगळी मांडणीच रिसेट करायची आणि लॅपटॉप रिस्टार्ट. तो सुरू होईपर्यंत ती फोन ठेवायची नाही. जेवलीस का, गुडघा कसा आहे, सगळं त्या वेळात व्हायचं. बेलापूरच्या सरकारी ऑफिसात माझा जन्म टायपिंगमध्ये गेला, पण या आज्ञा मी मुद्दाम एका बोटाने टाइप करायचे.

एकदा तिने या सगळ्या आज्ञा एका फाइलमध्ये घालून पाठवल्या. "राइट क्लिक, रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर, मग रिस्टार्ट. आता तुला माझी वाट बघत बसायला नको."

पोरगी माझं भलं करायला गेली. मेली ती फाइल पहिल्याच फटक्यात चालली, आणि पुढेही दर वेळी चालली. आमचे फोन कमी झाले. कारण नसताना तिला कामातून उठवायचं माझ्या जिवावर यायचं. फ्लॅटमध्ये दिवसभर कुकरशिवाय कुणी आवाज काढत नव्हतं. फार एकटं वाटायचं, ते कशाला लपवू?

शेवटी एका रविवारी राहवेना. तिचा चेहराही बघायचा होता, म्हणून व्हिडिओ कॉल केला. म्हटलं, "अगं, लॅपटॉपवर नेट चालत नाही. फाइलनेही होत नाहीये."

तिने विचारलं, "आई, तू लॅपटॉपवरूनच बोलतेयस ना?"

माझा चेहरा एवढासा झाला. ती हसली नाही. खुर्ची पुढे ओढून म्हणाली, "बरं. काळी खिडकी उघड."

मी उघडली. आधी तिने फ्लश डीएनएस टाकायला सांगितलं. पत्ते पुसल्याची ओळ आली, ती मी वाचून दाखवली. तिने डोळे पुसलेले मला दिसले. पुढची आज्ञा मला पाठच होती. रिलीज टाइप करून मी विचारलं, "एंटर दाबू?"

"नको," ती म्हणाली. "ते दाबलंस तर कॉल तुटेल."