फाट्यावर आठ दहाला

आमच्या शाळेत बसचं काम माझ्याकडे आलं ते माझ्याकडे मोटारसायकल होती आणि मला नाही म्हणता येत नव्हतं म्हणून. मी गणिताचा मास्तर. पण सकाळी सहापासून माझा फोन चार ड्रायव्हर, चार मदतनीस बाया आणि दीडशे-पावणेदोनशे पालकांच्या ताब्यात असायचा. बस पाच मिनिटं उशिरा आली तरी लोक मलाच झापायचे, जणू मीच रात्री टायरमधली हवा सोडून आलो होतो.

त्या वर्षी साखऱ्याकडच्या एका तांड्यावरून एकच मुलगी यायची, पहिलीतली. तांड्यावरची बाकी घरं दिवाळी झाली की ऊसतोडीला निघून जायची, लेकरं-बाळं घेऊन. हिचे आईवडीलही गेले होते, पण हिला आजीजवळ ठेवून. जाण्याआधी बाप शाळेत येऊन माझ्यासमोर उभा राहिला होता.

"सर, बस तांड्यावर येती म्हनूनच ठिवून चाललो. आई म्हातारी हाये, कापूस येचायला जाती. पोरगं बसमधी बसलं की मला घोर न्हाई."

मी म्हणालो, "बस येणार. तुम्ही निर्धास्त जा." बोलायला काय लागतं?

डिसेंबरातली गोष्ट. सकाळी साडेसहाला तीन नंबरच्या ड्रायव्हरचा फोन आला. "सर, ओढ्यावरचा पूल खांदून टाकलाय. जेसीबी लागलाय. बस पलीकडं जात न्हाई." रस्त्याचं काम निघणार हे महिनाभर ऐकत होतो, पण आज निघणार हे कोणी कळवलं नव्हतं. बस मागे वळवून मेन रोडनं आणायची, तर पन्नास मिनिटं जाणार. मी चहा तसाच ठेवला आणि ग्रुपवर लिहिलं:

"आदरणीय पालक, पुलाच्या कामामुळे आज बस क्र. ३ अंदाजे ५० मिनिटे उशिरा येईल. बसचा मार्ग बदलला आहे. तांडा व आखाडा हे थांबे तात्पुरते बंद. तांडा: मेन रोडचा फाटा, ८.१०. आखाडा: दूध डेअरी, ८.२०. पुढील सूचनेपर्यंत हेच थांबे राहतील. लहान मुलांसोबत पालकांनी थांबावे. झालेल्या गैरसोयीबद्दल क्षमस्व. मेसेज वाचल्यावर अंगठा टाकावा."

अंगठ्याची पद्धत माझीच. कोणाचा अंगठा आला नाही की मी त्याला फोन करायचो. मला या पद्धतीचा फार अभिमान होता. त्या दिवशी सात वाजेपर्यंत सगळे अंगठे आले. तांड्याच्या मुलीच्या बापाचा तर दुसऱ्या नंबरलाच आला. मी यादीत त्याच्यापुढे टिक केली आणि गार झालेला चहा पिऊन टाकला.

तो अंगठा चारशे किलोमीटरवरच्या उसाच्या फडातून आला होता, हे मला माहीत असायला हवं होतं. माहीत होतंच. पण टिक करताना डोकं चालत नाही, नुसता हात चालतो.

साडेआठला मदतनीस ताईंचा फोन आला. "सर, फाट्यावर कोनीच नव्हतं. धा मिनिटं थांबलो." मी म्हणालो, ती आज आली नसेल, तुम्ही पुढे या. फोन ठेवला आणि मग यादीतली ती टिक आठवली. बापाला फोन लावला. तिसऱ्यांदा उचलला. मागे कोयत्यांचा आवाज येत होता.

"तुमची मुलगी आज शाळेत नाही का?"

"गेली की सर. आई सोडतीच सातला."

"कुठं सोडते? थांबा बदललाय. तुम्ही अंगठा टाकला ना?"

तो म्हणाला, "न्याहारीच्या टायमाला आईला फोन करीन म्हनलं. गाडी भराय लागली, राहून गेलं." आणि लगेच ओरडला, "सर, कुठं हाये माझं पोरगं?"

बघतो म्हणून मी फोन ठेवला. मोटारसायकल काढली, मेन रोडनं निघालो. रस्ताभर आजीचा नंबर लावत होतो. फोन घरात वाजत असणार आणि आजी शेतात. तांड्याच्या थांब्यावर कुत्रं झोपलं होतं, बाकी कोणी नव्हतं. घराला कडी. कापसात वाकलेली आजी दोन वावरं पलीकडे सापडली. मला बघून ती कमरेला बांधलेला कापसाचा ओटा धरूनच पळत आली.

"बसमधी बसली न्हाई का? मी तर तिथंच उभी करून आले, रोजच्यासारखी!"

तिच्या तोंडाकडे मला बघवेना. पोरीचं वय सहा. सातला उभी केलेली, आता नऊ वाजून गेले होते. मी विहिरी आठवत होतो. रस्त्यालगत कठडा नसलेल्या दोन विहिरी आहेत. दोन्हींत वाकून पाहिलं.

ती ओढ्यावर सापडली. बस आली नाही म्हणून ती बसच्याच रस्त्यानं शाळेकडे चालत निघाली होती. जेसीबीवाला तिला मातीच्या ढिगावर बसवून स्वतः समोर उभा होता. माझ्यावर तो तुटूनच पडला.

"तुमचंय का हे लेकरू? मशीन मागं घेत होतो, मागं हे उभं! बोंबलला तिकडून एक माणूस म्हनून वाचलं. काहून सोडता असं एकट्याला?"

मी तिला उचललं. ती रडत नव्हती. तिनं मला एवढंच विचारलं, "सर, हजेरी झाली का?" मग मात्र मी रडलो, त्या जेसीबीवाल्यासमोर.

बापाला तिथूनच फोन केला. सापडली म्हणालो. जेसीबीचंही सांगितलं, लपवण्याची हिंमत झाली नाही. माफी मागितली. मेसेजात 'क्षमस्व' लिहिताना जीभ लागत नाही, इथं ती टाळ्याला चिकटली.

"तुमी काहून माफी मागता," तो म्हणाला. "अंगठा मीच टाकला." मग त्यानं विचारलं, "उद्या तिला फाट्यापर्यंत कोन आनून सोडंल, सर? दोन किलोमीटर हाये. आई सोडत बसली तर कापसाचं काम जातं. तुमी आनान का रोज?"

चार बसेस, चार ड्रायव्हर, सहापासून वाजणारा माझा फोन हे सगळं डोळ्यांपुढे आलं आणि मी गप्प बसलो. दोन-तीन सेकंद, जास्त नाही.

"व्हय, तुमच्याबी मागं लई लेकरं हायेत," तो म्हणाला. त्यात राग नव्हता, हेच वाईट. "येऊन घेऊन जातो. हितं फडावर कोपीत नजरेसमोर तरी राहील."

तिसऱ्या दिवशी तो आला आणि घेऊन गेला. मी मग सांगून पाहिलं की मी आणतो, रोज आणतो, मोटारसायकलवर. तो हसला. मुलीनं गणवेशच घातला होता, दुसरे चांगले कपडे नव्हते.

पूल पंधरा दिवसांत झाला. मी ग्रुपवर लिहिलं, सर्व जुने थांबे पूर्ववत सुरू. तांड्याचं नाव यादीतून काढायला हवं होतं, तिथून आता चढणारं कोणी नव्हतं. मी काढलं नाही, मुख्याध्यापकांना विचारलंही नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी सात वीसला ड्रायव्हरचा फोन आला.

"सर, तांड्यावर आलो. हितं कोनीच न्हाई. निघू का?"

मी म्हणालो, "थांब पाच मिनिटं."