सरांची सवय

माझ्या मैत्रिणीला ऐन दुसऱ्या सत्रात कावीळ झाली आणि अर्थशास्त्राचे तास बुडाले. आदल्या वर्षी ती त्याच विषयात आपटलेली. देवबागच्या घरी तिच्या बाबांनी बजावलं होतं, "ह्या खेपेक नापास झालंस तर कुडाळच्या स्थळाक होकार कळवतलंय." आणि बाबा बोलले की बोलले!

माझ्या मामाने मस्कतहून टेपरेकॉर्डर आणला होता. सरांची परवानगी काढून मी तास टेप केले आणि कॅसेटी तिला नेऊन दिल्या. बयेने दोन शब्द ऐकायचे, बटण दाबायचं, लिहायचं, असं करत सगळं उतरवलं. सगळं म्हणजे सगळं! सरांचं "बरं का", "काय?", कंसात "खोकला", आणि एके ठिकाणी "कावळो ओरडता". कागदांची ही चळत!

"ह्यां वाचूक गेलंस तर परीक्षा पुढच्या वर्षी देशीत," मी करवादले. "सरांच्या सवयी काट, उदाहरणां काट, नियम तेवढे ठेव."

तिने मन लावून काटछाट केली. मालवणला आमच्या पडवीत बसून मी तिची उजळणी घेऊ लागले. टिपणं इतकी सुटसुटीत, की मला हेवाच वाटला.

"मागणीचा नियम?"

"भाव उतरलो की मागणी वाढता." मग ती थबकली. "पण गो, ह्यां खोटां आसा."

"परीक्षकाक सांग तसां!"

"अगो, सोमवारी बाजारात बांगडो उतरता. पण घेता कोण? सगळ्यांचो उपास!"

पटण्यासारखं होतं, मेलं! शेवटी मूळ कागद काढले. सरांच्या तोंडी नियम होता: "इतर परिस्थिती कायम असताना, किंमत कमी झाली तर मागणी वाढते." पुढच्या वाक्यात पुन्हा "इतर परिस्थिती कायम असताना". त्याच्या पुढच्यातही. आणि दर खेपेला तिने त्यावर आडवी रेघ मारलेली.

"ह्यां कित्याक काटलंस?"

"माका वाटला, 'बरं का'सारखी सरांची सवयच ती!"

मी कपाळाला हात लावला. नियमाचा सगळा जीव त्या चार शब्दांत, आणि हिने नेमके तेच खोडलेले! सोमवारी नुसता भाव उतरत नव्हता, माणसांचं खाणंही बदलत होतं. परिस्थिती कायम कुठे होती? मग आम्ही हसत हसत पानोपानी ते शब्द परत घातले. पेपरात नेमका तोच प्रश्न आला, गृहीतकांसकट.

ती पास झाली. बाबांनी पेढे आणले, आणि आम्हा दोघींना पेढा देता देताच तिला विचारलं, "मगे, कुडाळवाल्यांका काय कळवू? मागणी त्यांनी आपणहून घातल्यानी हा. पोरगो बरो आसा."

"नको म्हणून कळवा. माका बी.ए. पुरां करूचां आसा."

"आणि बी.ए. झाल्यार?"

"इतर परिस्थिती कायम असताना," ती म्हणाली, "तेव्हाय नको."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. "ह्यां काय गो?"

"काय नाय," मी म्हटलं, "सरांची सवय."