आई तुझा फोन का उचलत नाही

लहान्या,

आईसाठी धाडलेलं ते फोनला जोडायचं घड्याळ मिळालं, आभार मानायला उशीर झाला. खरं सांगू का, आधी मी चिडलोच होतो. आईचे कान पार गेले आणि हा पठ्ठ्या तिकडून घड्याळ धाडतो! आईही म्हणाली, "त्याले सांग, मले पावलं मोजून काय करायचं आहे?"

तिचं वावरात जाणं आम्ही बंद केलं होतं. ती मिरची तोडत होती, मागून ट्रॅक्टर आला, हॉर्नवर हॉर्न, आणि तिला पत्ताच नाही. मी धावत जाऊन तिला बाजूला ओढलं. त्या दिवसापासून ती नुसती ओट्यावर बसून. जेवण कमी झालं, बोलणंही. तिच्याकडे बघवत नव्हतं रे.

मग तुझ्या वहिनीच्या लक्षात आलं, फोन आला की हे मनगटावर थरथरतं. पट्टा घट्ट केला, बांगड्या वर सरकवल्या आणि थरथर सगळ्यात जोराची लावली. माझा एक मिस कॉल म्हणजे ट्रॅक्टर आला, बांधावर ये. लागोपाठ दोन म्हणजे घरी ये.

पहिल्याच दिवशी घोळ! फोन बांधावर पिशवीत ठेवून बाई पार पलीकडच्या ओळींत. तेवढ्या लांब ब्लूटूथ पोहोचत नाही, मी इकडे फोन लावून लावून थकलो. आता फोन कमरेच्या बटव्यात असतो. मग दुसरंच सुरू झालं. ती तण निंदायला बसली की घटकाभरानं बांधावर येऊन उभी. ट्रॅक्टरचा तर मागमूस नाही! बघतो तर घड्याळ तिला सांगत होतं, फार वेळ बसलात, जरा उठा. निंदणाऱ्या बाईला! ते बंद केलं, ग्रुपवरचे सुप्रभातही बंद केले. आता फक्त फोन आला तरच थरथरतं. चार्जिंग तीच लावते, मला हात लावू देत नाही.

आई पुन्हा वावरात जाते, लहान्या. भाकरीही दोन खाते. हे तुझ्यामुळे झालं.

परवा तू मला विचारलंस, थोडंफार तर ऐकू येत असेल ना, मग आई माझा फोन का उचलत नाही, रागावली आहे का? मी तिला घड्याळातलं तुझं नाव दाखवून हातवारे केले, काऊन नाही उचलत? ती माझ्यावरच खेकसली, "उचलून काय करू? कानाले तं काही ऐकू येत नाही. अन् उचलला की थरथरणं बंद होते. तो तिकून वाजवून राह्यला, तोवर हात धरून उभी राह्यते मी. लवकर बंद करते तो."



तर ऐक बे, दोनचार रिंगा देऊन कापत जाऊ नको. पूर्ण वाजू दे.