विद्यार्थी कृतीचा रकाना

आमच्या अध्यापक विद्यालयात पाठ टाचण, म्हणजे तासाचा लेखी आराखडा, तपासण्याच्या बाबतीत माझं नाव वाईट आहे. पोरी मला माझ्यामागे 'लाल पेन' म्हणतात, आणि मला ते माहीत आहे हेही त्यांना माहीत आहे. एकोणीस वर्षं मी गणित शिकवतो, म्हणजे गणित कसं शिकवायचं ते शिकवतो. इतक्या वर्षांत किती टाचणं डोळ्यांखालून गेली त्याचा हिशोब नाही. त्यांतली नव्वद टक्के एकाच मुशीतून निघालेली असतात. गेल्या वर्षीच्या ताईची वही आणायची, तारीख बदलायची, आणि सरांची सही घ्यायची.

चंद्रकला बोंदर या बाईंनी मात्र कुणाची वही कधी मागितली नाही. वय छत्तीस. दहा वर्षं गावच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत खिचडी शिजवली, मधल्या काळात बारावी केली, आणि एके दिवशी नवऱ्याला सांगून टाकलं की मी डी.एड.ला जाणार. नवऱ्याऐवजी दीर बोलला, "दोन वर्षं. वर एक दिवस नाही. मग परत चुलीवर." खिचडीच्या पातेल्यापाशी दोन वर्षांसाठी सासू उभी राहिली. हे सगळं बाईंनी मला प्रवेशाच्या दिवशीच सांगितलं होतं, मी न विचारता. बोलण्यात हातचं राखून ठेवणं त्यांच्या स्वभावात नाही.

वर्गात अठरा-एकोणीसच्या पोरींमध्ये त्या पहिल्या बाकावर बसायच्या. पहिल्याच आठवड्यात मी सांगितलं, की उद्दिष्टात 'विद्यार्थ्यास समजते' असं लिहायचं नाही. समजतं ते दिसत नाही. 'सांगतो', 'ओळखतो', 'फरक स्पष्ट करतो', 'कारण देतो' असं दिसणारं लिहायचं. आणि वर्गात 'समजलं का?' हा प्रश्न कधी विचारायचा नाही. पोरी माना खाली घालून लिहून घेत होत्या. बोंदरबाई म्हणाल्या, "बरोबर हाय सर. लेकरांना पोट भरलं का विचारलं तरी ती हो म्हणतेत. ताट बघावं लागतंय." मी हसलो नाही, पण पुढच्या वर्षी नव्या वर्गात हे वाक्य मी वापरलं आणि ते कुणाचं आहे हे सांगितलं नाही.

दुसऱ्या वर्षाच्या शेवटी वार्षिक पाठ असतो. बाहेरून परीक्षक येतात, शेजारच्या शाळेतला खरा वर्ग मिळतो, पस्तीस मिनिटांची तासिका. पन्नासपैकी पंचवीस हवेत. नाही मिळाले, तर पुढच्या वर्षी पुन्हा. बाकीच्या पोरींना पुढचं वर्ष होतं. बोंदरबाईंना नव्हतं.

त्यांना घटक आला पाचवीचा, अपूर्णांकांचा लहान-मोठेपणा. अंश समान असेल तर छेद मोठा तो अपूर्णांक लहान. पाठाच्या दोन दिवस आधी त्या कच्चं टाचण घेऊन आल्या. उद्दिष्टं नीट होती, पद्धत उद्गामी, म्हणजे उदाहरणांवरून नियमाकडे जाणारी. साहित्यात पुठ्ठ्याच्या गोल भाकऱ्या, तीन भाग केलेली आणि चार भाग केलेली. मी मान डोलावत खाली आलो आणि 'विद्यार्थी कृती'च्या रकान्यात अडकलो.

या रकान्यात आमच्याकडे काय लिहितात ते सांगायला हवं. डावीकडे शिक्षकाचा प्रश्न, उजवीकडे मुलांचं उत्तर. उत्तर नेहमी बरोबर. 'विद्यार्थी अचूक उत्तर देतात.' पाठ व्हायच्या आधीच वर्ग हुशार होऊन बसलेला असतो. बोंदरबाईंनी लिहिलं होतं: 'निम्मी मुले एक चतुर्थांश मोठा म्हणतील, कारण चार मोठा. एखादे मूल म्हणेल, आमच्या घरची भाकरी मोठी असते, तिची चतकोर तुमच्या तिसऱ्या भागापेक्षा मोठी.' आणि साहित्यात पुढे एक जास्तीची भाकरी, आकाराने लहान.

"हे काय?" मी विचारलं.

"म्हणतेत तसं लेकरं."

"म्हणतील ना. पण म्हणून तुम्ही टाचणात चुकीची उत्तरं लिहिणार? परीक्षक म्हणतील, बाई मुलांना चुकवायला निघाल्यात."

"आन ती चतकोरीची गोष्ट चुकीची नाही सर. भाकरी सारखी नसंल तर चतकोर मोठी निघतेच की. मी वाढलंय ना इतकी वर्षं. लेकरं आधी भाकरी बघतेत, मग तुकडा."

गणिताच्या दृष्टीने त्या शंभर टक्के बरोबर होत्या. पूर्ण समान असेल तरच तुलना. हे मला कळत होतं, आणि तरी मी पेन काढलं. त्या दिवशी सोळावं टाचण होतं ते. दोन्ही ओळींवर फुली मारली, लहान भाकरीवरही मारली, आणि समासात लिहिलं, 'अनावश्यक. गोंधळ वाढेल. अचूक उत्तर लिहावे.' खाली सही आणि तारीख.

"पक्क्या टाचणात एवढं काढून टाका," मी म्हणालो. "तुमचं भलं कशात आहे ते मला कळतं."

"तुम्ही म्हणता तर काढते," त्या म्हणाल्या. कच्चा कागद रिवाजाप्रमाणे माझ्या कपाटात राहिला.

परीक्षक म्हणून प्रभुणे मॅडम आल्या. शिडशिडीत बाई, चहा नको, बिस्कीट नको, फक्त घड्याळ टेबलावर काढून ठेवणाऱ्या. पाठ सुरू झाला. बोंदरबाईंनी प्रस्तावना तीन मिनिटांत आटोपली, हेतुकथन केलं, म्हणजे आज काय शिकायचं ते सांगितलं, भाकऱ्या फळ्यावर लावल्या. तिसरा भाग आणि चतकोर एकमेकांवर ठेवून दाखवले. मुलं उत्तरं देत होती. मी मनातल्या मनात मार्क टाकत होतो, आणि स्वतःवर खूश होतो.

बाविसाव्या मिनिटाला दुसऱ्या बाकावरची सानिया नावाची मुलगी उभी राहिली. "मॅडम, आमच्याकडं अम्मी मोठी भाकरी करते. तिची चतकोर याच्याहून मोठी असते. मग चतकोर बारकी कशी?"

वर्ग हसला. बोंदरबाईंनी एकदा माझ्याकडे पाहिलं. मग टेबलावरच्या पिशवीत हात घातला आणि लहान भाकरी बाहेर काढली. मी फुली मारलेली. त्यांनी ती करून आणलीच होती.

पुढची बारा-तेरा मिनिटं इतकी चांगली होती, की मला माझ्या एकोणीस वर्षांत तसं काही आठवत नाही. लहान भाकरीचा तिसरा भाग, मोठीची चतकोर, मुलांनीच शेजारी ठेवून पाहिले. "मग आपण तुलना कधी करायची?" बाईंनी विचारलं. एक पोरगी म्हणाली, "दोन्ही भाकऱ्या सारख्या असतील तेव्हा." बाईंनी ते फळ्यावर लिहिलं. सानिया मात्र अजून कपाळाला आठ्या घालून बसली होती. बाई मूल्यमापनाचे प्रश्न लावायला वळल्या आणि घंटा झाली.

आम्ही मुख्याध्यापकांच्या खोलीत बसलो. मॅडमनी गुणपत्रक पुढे ओढलं. "बाई हुशार आहेत," त्या म्हणाल्या, "पण टाचण एक, पाठ एक. न नोंदवलेलं साहित्य वापरलं. वेळेचं नियोजन कोसळलं. मूल्यमापन झालंच नाही, तिथे मी शून्याशिवाय काय देणार?" त्यांनी मांडलं: टाचण चार, प्रस्तावना चार, विकसन, म्हणजे प्रत्यक्ष शिकवणं, अकरा, साहित्य तीन, मूल्यमापन शून्य. बेरीज बावीस.

मग बाईंना आत बोलावलं. "टाचणात या अडचणीचा उल्लेख का नाही? मुलं असं विचारतील याचा विचार केला नव्हता?"

बोंदरबाई टेबलाकडे बघत उभ्या राहिल्या. "राहून गेलं मॅडम," एवढंच म्हणाल्या.

ज्या बाईने प्रवेशाच्या दिवशी मला घरचा सगळा संसार सांगितला होता, ती बाई माझ्यासाठी गप्प राहिली. मॅडमनी त्यांना जायला सांगितलं. मला लाज वाटली, साधी, उघडी लाज. तिला पुढचं वर्ष नव्हतं आणि मला जपायला नाव होतं, एवढाच काय तो फरक. तरीही, खोटं कशाला बोलू, मी खुर्चीत मिनिटभर बसून होतो. पेनाचं टोपण काढत होतो, लावत होतो.

मग उठलो, आमच्या इमारतीत जाऊन कपाट उघडलं आणि तो कच्चा कागद आणून मॅडमपुढे ठेवला.

त्यांनी चष्मा वर केला, वाचला. फुलीखालचं वाचायला कागद उजेडात धरला. "फुली कुणाची?"

"माझी."

"आणि हा शेरा?"

"माझाच."

"गोंधळ वाढेल," त्यांनी मोठ्याने वाचलं. "वाढला खरा. सर, तुम्ही किती वर्षं झाली शिकवताय?"

मी सांगितलं. त्यांनी समासातला शेरा पुन्हा एकदा वाचला. मग म्हणाल्या, "पाठाच्या आधीची तारीख आहे, सही आहे. मी हेच टाचण धरते. टाचण नऊ, साहित्य सात. मूल्यमापनाचं शून्य मात्र तसंच राहील, ते झालेलं नाही. एकतीस. पण तुम्ही लेखी द्यायचं, मार्गदर्शकाने योग्य नोंदी चुकीने काढायला लावल्या म्हणून. फाईलला लागेल."

मी लिहून दिलं. माझ्याच लाल पेनाने लिहायला घेतलं होतं. मॅडमनी आपलं निळं पुढे केलं.

बाईंना सांगायला मी बाहेर पडलो. त्या व्हरांड्यात नव्हत्या, पोरींच्या घोळक्यातही नव्हत्या. मधली सुट्टी होती. पाचवीच्या वर्गाचं दार उघडं दिसलं म्हणून डोकावलो. खिचडीची ताटं पुढ्यात घेऊन पाच-सहा मुली बसल्या होत्या. फळ्यावर मूल्यमापनाचे तिन्ही प्रश्न लिहिलेले होते, आणि बोंदरबाई सानियाच्या बाकाशी वाकून उभ्या होत्या.

"बाई," मी दारातून म्हणालो, "झालात पास."

त्यांनी मागे वळून पाहिलं नाही. हात तेवढा वर केला.

"थांबा सर जरा," त्या म्हणाल्या, "हिचं राहिलंय अजून."